स्क्रिप्टनं ऑर्डर टाकायची तर डीफॉल्ट काय ठेवावं: मार्केट, लिमिट की स्टॉप?

लातूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचत होतो. आज खिशाला चाट बसली म्हणून लिहायला बसलो.

ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, पायथन कामापुरतं येतं. सोयाबीन विकलं की आडतीवरून आलेली रक्कम एकदम कुठं घालायची नाही, म्हणून तिचे चार हप्ते पाडतो आणि एका मिडकॅप निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये टाकतो. ईटीएफ छोटा आहे, दिवसाला फार सौदे होत नाहीत. वर्गावर असताना मोबाईल बघता येत नाही, त्यामुळं स्क्रिप्ट लिहून ब्रोकरच्या एपीआयला जोडली. सकाळी ९:१५ ला ती आपोआप चालते. ऑर्डर टाकणारं फंक्शन असं आहे:

```
def buy(symbol, qty, order_type="MARKET", price=0):
```

पहिला हप्ता ४०० युनिटचा. शेवटचा सौदा १०२.४० चा दिसत होता, म्हणजे ४०,९६० रुपये लागतील असा हिशोब. संध्याकाळी काँट्रॅक्ट नोट उघडली तर ४२,१८१. सरासरी भाव १०५.४५. दुपारी एक वाजता तोच ईटीएफ परत १०२.५० ला! १,२२१ रुपये कुठं गेले ते कळंना.

दुसऱ्या हप्त्याला शहाणपण केलं. लिमिट ऑर्डर टाकली, भाव ठेवला शेवटच्या सौद्याचा. दिवसभर ऑर्डर तशीच पडून. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी निर्देशांक वर गेला आणि मी वैतागून हातानं घेतलं, तेही महाग.

स्टाफरूममधले एक सर म्हणतात, स्टॉप ऑर्डर वापर, ती दोन्हीच्या मधली असते. आता तिसरा हप्ता पुढच्या आठवड्यात आहे. स्क्रिप्टमध्ये डीफॉल्ट काय ठेवू?

धाराशिव_९२

सर, साधा इंडेक्स फंड घ्या ना. त्यात त्या दिवशीच्या एनएव्हीनं युनिट मिळतात, कोणाकडून कितीला घेतलं हा प्रश्नच नाही. ४१ हजारांसाठी एवढा उपद्व्याप कशाला?

लातूरचा_मास्तर

तुमचं बरोबर आहे, माझ्या बायकोचंही हेच म्हणणं आहे. पण पुढं हीच स्क्रिप्ट दोन-तीन शेअरना लावायचीय. आणि खरं सांगायचं तर १,२२१ रुपये भरलेत, तर त्याचं शिक्षण तरी पदरात पडावं.

परभणीकर_अण्णा

मास्तर, वीस वर्षं या बाजारात घालवली, एक सांगतो. मार्केट ऑर्डर म्हणजे कोऱ्या चेकवर सही. कधीच टाकायची नाही, कशातच टाकायची नाही. लिमिट टाका, मिळालं तर आपलं, नाही मिळालं तर नशिबात नव्हतं. आणि घेतलं की लगेच स्टॉपलॉस लावा. एसएल-एम, म्हणजे ठरवलेला ट्रिगर भाव आला की मार्केट होणारा स्टॉप, आता बंद झालंय, त्यामुळं एसएल लिमिटच लावावं लागेल.

हळदवाला_वसमत

लिमिटचं कळलं नाही. मागच्या वर्षी एनसीडीईएक्सवर हळदीचा वायदा विकला होता, तर ब्रोकर म्हणला तुमची लिमिट संपली, पैसे भरा. ती लिमिट कशी वाढवायची? मास्तरांची लिमिट किती होती?

परभणीकर_अण्णा

मालक, ती मार्जिनची लिमिट. इथं भावाच्या मर्यादेबद्दल चाललंय. तुम्ही आडत्याला सांगता की नाही, अमुकच्या खाली माल सोडू नको, ती ही लिमिट.

हळदवाला_वसमत

अस्सं होय. मग "येईल त्या भावाला काढ" म्हणजे मार्केट ऑर्डर. पण आमचा आडत्या तसं सांगितलं तरी मातीमोल भावात नाही सोडत, फोन करून विचारतो.

दुधनाकाठची

वसमतच्या मालकांनी नेमकी गोष्ट सांगितली. आडत्या फोन करून विचारतो, एक्सचेंजचं यंत्र विचारत नाही. आणि स्क्रिप्ट वापरली की ऑर्डर टाकणाऱ्या बाजूलाही माणूस उरत नाही. हातानं मार्केट ऑर्डर टाकणारा निदान समोरचे भाव डोळ्यांखालून घालतो.

मी सेलूची. पुण्यात एका ब्रोकिंग फर्मच्या ऑर्डर सिस्टीमवर काम करते, त्यामुळं हे रोज बघण्यातलं आहे. मास्तर, ट्रेडबुक उघडा. तुमच्या एका ऑर्डरचे किती तुकडे झालेत आणि कोणत्या भावाला, ते इथं टाका.

लातूरचा_मास्तर

हे घ्या. चारही सौदे एकाच सेकंदातले आहेत.

```
 40 @ 102.60
 60 @ 102.95
100 @ 104.00
200 @ 107.50
```

दुधनाकाठची

तुमचे १,२२१ रुपये इथंच आहेत. ४,१०४ आणि ६,१७७ आणि १०,४०० आणि २१,५००, बेरीज ४२,१८१.

१०२.४० हा शेवटचा सौदा होता, म्हणजे झालेली गोष्ट. त्या भावाला त्या क्षणी कोणी विकायला बसलेलंच नव्हतं. पातळ ईटीएफमध्ये तो सौदा आदल्या दिवशीचाही असू शकतो. विकणारे कोण आहेत आणि कितीला, हे मार्केट डेप्थमध्ये दिसतं. तुम्हाला १०२.६० ला ४०च युनिट मिळाली. मार्केट ऑर्डरला भावाची अट नसते, तिला फक्त ४०० पुरी करायची असतात. म्हणून ती पायरी पायरीनं वर चढत गेली आणि शेवटची २०० तिनं १०७.५० ला उचलली. त्या भावाला विकायला बसलेल्यानं "चुकून कोणी आला तर" म्हणूनच ऑर्डर लावून ठेवलेली असते. तो तुमच्यासारख्यांचीच वाट बघत होता.

९:१५ ची वेळही चुकीची निवडलीत. ईटीएफमध्ये दोन्ही बाजूंनी भाव लावून ठेवणारे मार्केट मेकर असतात. निर्देशांकातले शेअर उघडून त्यांचे भाव जरा स्थिर झाले की ते नीट भाव लावतात. पहिल्या मिनिटाला ऑर्डरींचं पुस्तक रिकामं असतं. ११ नंतर हीच मार्केट ऑर्डर टाकली असती तरी नुकसान बरंच कमी झालं असतं. म्हणजे अण्णा म्हणतात तशी मार्केट ऑर्डर पाप वगैरे नाही. निफ्टीतल्या मोठ्या शेअरचे दहा नग घ्यायचे असतील तर मार्केट आणि लिमिट यांत फारसा फरक पडणार नाही. मोठी ऑर्डर, पातळ पुस्तक आणि बघणारं कोणी नाही, हे तिन्ही एकत्र आलं की ती महागात पडते.

बीडबायपास

ताई, एक बेसिक डाऊट. भाव १०२.६० चालू असताना मी १०२.८२ ची बाय लिमिट टाकली तर मला १०२.८२ नं पडणार ना? मग त्यापेक्षा मार्केट बरी नाही का?

दुधनाकाठची

नाही. इथंच बहुतेकांची गल्लत होते. लिमिट म्हणजे तुम्ही देणार तो भाव नाही, त्याच्या पुढं जायचं नाही अशी भिंत. १०२.८२ ची खरेदी लिमिट टाकली आणि समोर १०२.६० ला विकणारा बसलेला असेल, तर सौदा १०२.६० लाच होतो. १०२.८२ पर्यंत जेवढे विकणारे आहेत तेवढे स्वस्तापासून सुरू करून घेतले जातात, आणि राहिलेली ऑर्डर १०२.८२ वर उभी राहते.

मास्तरांच्या पहिल्या दिवशी ही ऑर्डर असती तर ४० युनिट १०२.६० ला मिळाली असती आणि ३६० थांबून राहिली असती. पुढची पायरी १०२.९५ ची होती, ती भिंतीपलीकडे. दुपारी भाव १०२.५० वर आला म्हणजे तोवर विकणारे आले होते, बाकीचीही बहुतेक मिळाली असती.

दुसऱ्या हप्त्याला फसलं ते याच कारणानं, फक्त उलट्या बाजूनं. मास्तरांनी भिंत शेवटच्या सौद्यावर बांधली. विकणारे तिच्या वर वीस पैशांवर बसलेले. दोघंही आपापल्या जागी दिवसभर.

लातूरचा_मास्तर

हे आता डोक्यात उतरलं. पण मग १०२.८२ हा आकडा आला कुठून? स्क्रिप्टला भिंत कुठं बांधायची ते कसं कळणार?

दुधनाकाठची

ईटीएफचं एक बरं असतं, त्याची खरी किंमत काढता येते. कालची एनएव्ही घ्या, निर्देशांक आज जेवढे टक्के हलला तेवढी हलवा. समजा कालची १०१.८० होती आणि निर्देशांक अर्धा टक्का वर आहे, तर आजची किंमत १०२.३१ च्या आसपास. फंड हाऊस स्वतःच्या वेबसाइटवर दिवसभर आयएनएव्ही, म्हणजे त्या क्षणाची अंदाजी एनएव्ही, दाखवतं, तिच्याशी ताडून बघा. त्यावर अर्धा टक्का जादा धरला की १०२.८२. अर्धाच का, तर तो माझा अंदाज. तुमचा ईटीएफ नेहमी किती प्रीमियमवर असतो ते महिनाभर टिपून ठेवा आणि त्यावरून ठरवा.

शेअरला असा आधार नसतो. तिथं खरेदी आणि विक्रीच्या सर्वात चांगल्या भावांचा मध्य घ्यायचा आणि त्यावर पाव-अर्धा टक्का. मात्र त्या दोन भावांतलंच अंतर एक टक्क्याहून जास्त असेल, तर स्क्रिप्टनं त्या दिवशी ऑर्डर टाकूच नये, नुसता मेसेज पाठवावा.

आता तुमच्या डीफॉल्टच्या प्रश्नाकडं येते. तुमच्या फंक्शनमध्ये घोळ असा आहे की काहीच सांगितलं नाही की ते मार्केटवर जातं. उद्या भाव आणणारा कोड फसला, `price` शून्य राहिला, `order_type` द्यायला विसरलात, तर ज्या ऑर्डरला कसलीच अट नाही तीच जाणार. हे उलटं हवं. मी असं लिहीन:

```
def buy(symbol, qty, cap):
    ask = best_ask(symbol)
    if not ask or not cap:
        return alert("no price, no order")
    price = round_down(min(ask, cap), tick(symbol))
    return place(symbol, "BUY", "LIMIT", qty, price)
```

`cap` ला डीफॉल्ट दिलेलाच नाही, हे मुद्दाम. भिंत सांगितल्याशिवाय फंक्शन चालणारच नाही. मार्केट ऑर्डर हवीच असेल तर तिच्यासाठी वेगळं फंक्शन लिहा, म्हणजे ती चुकून कधी जाणार नाही. आणि भाव टिक साइजच्या, म्हणजे भाव हलायच्या सर्वात लहान पायरीच्या, पटीत करून घ्या, नाहीतर एक्सचेंज ऑर्डर परत पाठवतं. सगळ्यांची टिक पाच पैशांची आहे असं धरून चालू नका. एनएसईनं जून २०२४ पासून अडीचशेखालच्या शेअरना एक पैशाची टिक दिली आहे. ब्रोकरच्या इन्स्ट्रुमेंट फाइलमध्ये प्रत्येकाची टिक असते, तिथून उचला.

परभणीकर_अण्णा

बघा, शेवटी लिमिटच! मी तेच म्हणत होतो.

पण `min(ask, cap)` कशाला? सरळ `cap` टाका. तुम्हीच म्हणालात की स्वस्त मिळालं तर स्वस्तच पडतं.

दुधनाकाठची

समोर माल असेल तेवढ्यापुरतं स्वस्त पडतं. राहिलेली ३६० युनिट १०२.८२ वर उघडी उभी राहतात आणि सगळ्या जगाला दिसतं की हा इतका द्यायला तयार आहे. मग १०२.५५ ला विकायला आलेला माणूसही तुम्हाला १०२.८२ लाच देतो. म्हणून आधी विकणाऱ्याच्या भावावर उभं राहायचं, मिनिटभर थांबायचं, मिळालं नाही तर थोडं वर सरकायचं. अशा तीन-चार पायऱ्या, पण भिंतीच्या आत.

परभणीकर_अण्णा

३६० युनिटसाठी कोण बघत बसलंय जगात. उगाच कोड वाढतो, आणि वाढलेल्या कोडात चुका.

दुधनाकाठची

हेही खरं आहे. ४० हजारांच्या ऑर्डरीला सरळ `cap` टाकून मोकळं होणारे माझ्या ऑफिसातही आहेत. मी पायऱ्यांच्या बाजूची.

नांदेडचा_दादा

या पायऱ्यांनीच माझा घात केला, म्हणून मधे बोलतो.

माझी स्क्रिप्ट असं करायची: ऑर्डर टाक, ६० सेकंद थांब, मिळाली नाही तर रद्द कर आणि थोड्या वरच्या भावानं परत टाक. एकदा १०० शेअर घ्यायचे होते. ३० मिळाले होते, पण स्टेटस `OPEN` दिसत होतं. स्क्रिप्टला वाटलं काहीच मिळालं नाही. रद्द केली आणि परत १०० ची टाकली. झाले १३०. आणखी एकदा तर रद्द करायची विनंती जाईपर्यंत तिकडं अख्खी ऑर्डर पुरी झाली होती. रद्द झालं नाही, पण माझ्या कोडनं ते तपासलंच नाही आणि दुसरी टाकली. झाले २००. खात्यात पैसे होते म्हणून घेतले गेले, नाहीतर निदान रिजेक्ट तरी झाली असती.

मार्केट ऑर्डर होती तेव्हा असलं काही होत नव्हतं. गेली की झाली.

दुधनाकाठची

दादा, लिमिटचा खरा खर्च हाच. मार्केट ऑर्डर टाकून विसरता येतं, लिमिटला राखण लागते. तीन गोष्टी पाळल्यात तर हे टळेल.

रद्द केल्यावर ऑर्डरचं स्टेटस `CANCELLED` किंवा `COMPLETE` यांपैकी एक येईपर्यंत नवी ऑर्डर टाकायचीच नाही. नवी टाकताना नग मोजायचे ते शेवटच्या `filled_quantity` वरून, आपल्या मनातल्या आकड्यावरून नाही. आणि जमेल तिथं रद्द करून नव्यानं टाकण्याऐवजी तीच ऑर्डर मॉडिफाय करायची, म्हणजे दोन ऑर्डरी एकाच वेळी जिवंत राहण्याचा प्रश्नच येत नाही.

नेट गेलं आणि उत्तरच आलं नाही, तर आणखी एक खबरदारी. टाइमआउट म्हणजे ऑर्डर गेली नाही असं नव्हे. ती गेलेली असते, पोच तेवढी हरवलेली असते. आधी ऑर्डरबुक मागवायचं, आपण लावलेल्या टॅगची ऑर्डर त्यात आहे का बघायचं, मग पुढचं.

नांदेडचा_दादा

टॅग वापरतच नव्हतो. आजच लावतो.

नेटचं म्हणाल तर आमच्याकडं लाईट आणि नेट दोघं हातात हात घालून जातात. स्क्रिप्ट घरच्या लॅपटॉपवर होती. सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानंतर एपीआयसाठी स्टॅटिक आयपी लागायला लागला, तेव्हा झक मारून भाड्यानं सर्व्हर घेतला. झालं ते बरंच झालं.

बीडबायपास

पण मास्तरांचा स्टॉपचा प्रश्न राहिलाच की. मी स्क्रिप्टमध्येच स्टॉपलॉस लिहिलाय. दर सेकंदाला भाव बघते, खाली गेला की विकते. एक्सचेंजला ऑर्डर लावून ठेवली तर मोठे लोक ती बघून मुद्दाम भाव तिथपर्यंत आणतात म्हणे.

दुधनाकाठची

ट्रिगर लागेपर्यंत स्टॉप ऑर्डर मार्केट डेप्थमध्ये दिसत नाही. ती एक्सचेंजकडं बाजूला पडून असते. भाव तिथं येऊन परत फिरतो तेव्हा चीड येते हे मान्य, पण तुमच्या शंभर नगांसाठी कोणी भाव हलवत नाही. गोल आकड्यांवर सगळेच स्टॉप लावतात, त्यामुळं तिथं गर्दी होते एवढंच.

स्क्रिप्टमधला स्टॉप म्हणजे तुमच्या नेटवर टांगलेला स्टॉप. नांदेडच्या दादांची लाईट गेली की तो नाहीच. एक्सचेंजला लावलेला स्टॉप तुमचा लॅपटॉप बंद पडला तरी जागेवर असतो. मात्र तो त्या दिवसापुरताच, बाजार बंद झाला की रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रिप्टनं परत लावायला हवा.

आणि मास्तर, तुमच्या स्टाफरूमच्या सरांना सांगा, स्टॉप ही "मधली" ऑर्डर नाही. मार्केट आणि लिमिट यांत प्रश्न असतो कितीला घ्यायचं याचा. स्टॉप सांगतो कधी जागं व्हायचं. जागी झाल्यावर ती मार्केट किंवा लिमिट यांपैकी एक होतेच. म्हणजे "डीफॉल्ट स्टॉप ठेवू का" असं विचारलं तरी मूळ प्रश्न सुटत नाही, एक पाऊल पुढं ढकलला जातो. तुमच्या हप्त्याच्या खरेदीत तर स्टॉपचं कामच नाही. भाव १०२ असताना १०५ चा बाय स्टॉप लावला तर महाग झाल्यावर घ्या असा अर्थ होईल.

अण्णा, एसएल-एम सगळीकडं बंद नाही. एनएसईवर ऑप्शन्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे, बीएसईनं ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्या सेगमेंटमध्ये बंद केलं. एनएसईवर शेअरना एक्सचेंजनं अजून चालू ठेवलंय. फक्त काही ब्रोकरांचे एपीआय उघडी मार्केट ऑर्डर घेत नाहीत, किती टक्क्यांपर्यंत जायचं ते मागतात. म्हणजे तीही आतून लिमिटच.

परभणीकर_अण्णा

बरं, एनएसईचं माझं चुकलं. ऑप्शन्स करत होतो म्हणून तेवढंच लक्षात राहिलं.

पण एसएल लिमिटचा माझा अनुभव ऐका, म्हणजे मी लिमिटवाला असूनही कुठं अडतो ते कळेल. एक शेअर ६४० ला घेतला होता. ट्रिगर ६१०, लिमिट ६०८. दुपारी निकाल आला. ६११ ला सौदा झाला आणि पुढचा एकदम ६०४ ला. ट्रिगर लागला, माझी ६०८ ची विक्री पुस्तकात जाऊन बसली, आणि बाजार खाली निघून गेला. तीन वाजता ५९० ला हातानं काढला. स्टॉपलॉस असूनही नगामागं पन्नास रुपये गेले.

दुधनाकाठची

इथंही तीच भिंत, अण्णा. विक्रीची लिमिट म्हणजे याच्या खाली विकायचं नाही. तुम्ही ट्रिगर आणि लिमिट यांत दोनच रुपयांची जागा ठेवली आणि भाव सात रुपयांची उडी मारून गेला. ट्रिगर ६१० आणि लिमिट ५९५ ठेवली असती तर विक्री ५९५ ला नव्हे, त्या वेळी जो घेणारा होता त्याच्या भावाला, म्हणजे ६०३-६०४ ला झाली असती. लोकांना वाटतं लिमिट लांब ठेवली की तेवढं नुकसान नक्की, म्हणून ती ट्रिगरला चिकटवून ठेवतात आणि नेमकं पळायच्या वेळी दार बंद होतं.

खरेदीला भिंत जवळ बांधा, सुटकेला लांब. खरेदी हुकली तर उद्या करता येते. सुटका हुकली तर तोटा वाढत जातो.

हळदवाला_वसमत

आणि घेणाराच नसेल तर? हळदीला खालचं सर्किट लागलं होतं तेव्हा माझी मार्केट ऑर्डर पण तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशीही सर्किटवरच उघडलं.

दुधनाकाठची

मालक, तिथं कोणतीच ऑर्डर कामाची नाही. समोर घेणारा असल्याशिवाय सौदा होत नाही. स्टॉप लागतो, ऑर्डर रांगेत जाते आणि तुमच्या पुढं हजारो विकणारे. त्याला उपाय ऑर्डरच्या प्रकारात नाही, किती माल उघडा ठेवायचा त्यात आहे.

धाराशिव_९२

म्हणजे सुटकेला लांब लिमिट किंवा मार्केट, एकूण एकच झालं. मग मार्केटच का नको? निदान विकलं तरी जाईल.

दुधनाकाठची

एकच नाही. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरकडून चुकीच्या ५९ विक्री ऑर्डरी एनएसईवर गेल्या, साडेसहाशे कोटींहून जास्त रकमेच्या. काही क्षणांत निफ्टी १५ टक्क्यांहून जास्त खाली, कॅश बाजार थोडा वेळ थांबवावा लागला. नंतर भाव सावरले. त्या क्षणी ज्यांचे स्टॉप मार्केटवर जागे झाले असतील, त्यांना त्या तळात जो घेणारा सापडेल त्याला माल द्यावा लागणार. ट्रिगरखाली तीन टक्क्यांवर भिंत असती तर ऑर्डर तिथं थांबली असती. नेहमीच्या घसरणीत तीन टक्क्यांची भिंत अंगाला लागत नाही, अशा वेड्या मिनिटाला मात्र लागते.

बीडबायपास

आणि भिंतीवर थांबली आणि भाव परत आलाच नाही तर? अण्णांसारखंच होणार ना, फक्त तीन टक्के खाली?

दुधनाकाठची

हो. याचं छापील उत्तर माझ्याकडं नाही. मी ठरावीक वेळ, समजा दोन मिनिटं, वाट बघते आणि मग फोनवर अलार्म वाजवते, पुढचं माणसानं ठरवायचं. माझे एक सीनियर म्हणतात, माणूस घातला की स्क्रिप्टचा उपयोग काय, दोन मिनिटांनी तिनं भिंत आणखी एक टक्का खाली न्यावी आणि विकूनच थांबावं. आमचा हा वाद जुना आहे.

परभणीकर_अण्णा

तुमचे सीनियर बरोबर. अलार्म वाजला तेव्हा मी शेतात असतो, रेंज नसते.

लातूरचा_मास्तर

तिसरा हप्ता झाला, म्हणून कळवतो. स्क्रिप्ट ११:१० ला चालवली. कालची एनएव्ही १०४.१० होती, निर्देशांक ०.३ टक्के खाली, म्हणून किंमत धरली १०३.७९ आणि भिंत १०४.३०. विकणारा १०३.९५ ला होता, १५० युनिट. ती लगेच मिळाली. मिनिटभरानं ऑर्डर मॉडिफाय करून १०४.०५ केली, तिथं आणखी २१० मिळाली. राहिली ४०. शेवटची पायरी १०४.१५ होती, तिथं दोन वाजेपर्यंत उभी होती आणि मग स्क्रिप्टनं रद्द करून मेसेज पाठवला: ३६० झाली, ४० बाकी.

सरासरी १०४.०१ आली. धरलेल्या किमतीपेक्षा बावीस पैसे जास्त, ३६० युनिटवर साधारण ७९ रुपये.

ताई, त्या ४० चं काय करायचं हे मात्र तुम्ही सांगितलंच नाही. उद्याच्या भिंतीनं परत टाकू की पुढच्या हप्त्यात मिसळू?

धाराशिव_९२

त्या ४० चा इंडेक्स फंड घ्या, सर.

दुधनाकाठची

पुढच्या हप्त्यात मिसळा. ४० युनिटसाठी आणखी एक दिवस स्क्रिप्ट चालवली तर डीपीचा नाही पण ब्रोकरेजचा एक जादा आकडा लागू शकतो, तुमच्या ब्रोकरचा दर बघून घ्या. तेवढं तपासलंत तर उद्या टाकायलाही हरकत नाही. आणि पहिल्या हप्त्याचं जुनं `buy` फंक्शन फाइलमधून पुसून टाकलंय ना? नुसतं न वापरता पडून ठेवलेलं असेल तर आजच काढा.

लातूरचा_मास्तर

पडूनच होतं. काढलं.